मानेतली शीर आणि तिचे दोन उतार : जेव्हीपी बघायचा कसा आणि त्यातून उजवं हृदय कसं कळतं

मी रेसिडेंट असतानाची गोष्ट. वॉर्डात एक पेशंट आला, वय २६, बीडकडचा ऊसतोड कामगार, पोट टम्म फुगलेलं आणि पायावर सूज, पण पोटाच्या मानाने अगदी थोडी. चार महिन्यांत दोन ठिकाणी दाखवून झालेलं, दोनदा पोटातलं पाणी काढून झालेलं आणि फाइलवर सगळीकडे क्रॉनिक लिव्हर डिसीज लिहिलेलं. मी पण तेच पुढे उतरवलं. त्याची आई प्रत्येक डॉक्टरला एकच सांगत होती, "साहेब, दारूच्या थेंबाला शिवला नाही ओ त्यो," आणि आम्ही सगळे ऐकून पुढे जात होतो.

राउंडला सरांनी फाइल उघडलीच नाही. पेशंटला म्हणाले, "उठून बस बाळा, पाय खाली सोड." मग माझ्याकडे वळून, "मान बघितलीस का रे?"

"हो सर, नेक व्हेन्स दिसल्या नाहीत."

"दिसल्या नाहीत म्हणजे खाली आहेत, का इतक्या वर गेल्यात की जबड्यामागे लपल्यात?"

बसवल्यावर दिसलं. उजव्या जबड्याच्या कोपऱ्याखाली कातडी ठोक्याला दोनदा आत ओढली जात होती, आणि त्यातला दुसरा हिसका इतका जोरात की खाटेच्या पायथ्याशी उभं राहूनसुद्धा दिसत होता. त्या दोन हिसक्यांत त्याचं डायग्नोसिस होतं. ते कसं, आणि तुम्हाला ते वॉर्डात कसं पकडता येईल, हे नीट सांगतो.

आधी आत काय चालतं ते

गवंडी लेव्हल काढायला पाणी भरलेली पारदर्शक पाइप वापरतात ना, एक टोक इथे आणि एक टोक तिथे, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला. उजवी इंटर्नल जुग्युलर व्हेन ही उजव्या एट्रियमची तशीच लेव्हल पाइप आहे. ती सुपीरियर व्हेना कावातून जवळपास सरळ रेषेत एट्रियममध्ये उतरते म्हणून उजवी बघायची, डावीला मध्ये वळण आहे. एट्रियममध्ये प्रेशर वाढलं की मानेतला रक्ताचा स्तंभ वर चढतो, कमी झालं की उतरतो, आणि हे चढउतार प्रत्येक ठोक्याला होतात. या स्तंभाचं प्रेशर म्हणजेच जेव्हीपी, जुग्युलर व्हीनस प्रेशर. एक्स्टर्नल जुग्युलर डोळ्यांना पटकन दिसते, पण ती कडेने वाकत जाते आणि तिच्यावर दाब येऊ शकतो, त्यामुळे वेव्हज बघायला इंटर्नलच. ती स्टर्नोमॅस्टॉइड स्नायूच्या खाली असते म्हणून शीर स्वतः दिसत नाही, तिच्यावरची कातडी हललेली दिसते.

आता एका ठोक्यात काय होतं ते क्रमाने बघा. उजवं एट्रियम आकुंचन पावतं, थोडं रक्त मागे मानेकडेही ढकललं जातं, ही ए वेव्ह, पहिल्या हार्ट साउंडच्या जरासं आधी. मग एट्रियम सैल पडतं आणि प्रेशर उतरायला लागतं. तेवढ्यात व्हेंट्रिकल आवळलं की ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह बंद होऊन एट्रियमकडे फुगतो आणि एक बारीक उंचवटा येतो, ती सी वेव्ह, ती साध्या डोळ्यांना दिसत नाही, तिच्यामागे लागू नका. सिस्टोल पुढे चालू राहतं तसं व्हेंट्रिकल आपला तळ, म्हणजे ट्रायकस्पिडचं रिंगणच, खाली खेचतं, एट्रियम ताणून मोठं होतं आणि प्रेशर आणखी पडतं. हा सगळा उतार म्हणजे एक्स डिसेंट. व्हॉल्व्ह बंद असताना शरीराकडून रक्त येतच असतं, एट्रियम भरत जातं, ती व्ही वेव्ह, तिचं टोक दुसऱ्या हार्ट साउंडच्या आसपास. मग ट्रायकस्पिड उघडतो, साठलेलं रक्त व्हेंट्रिकलमध्ये धावतं आणि प्रेशर पुन्हा पडतं, हा वाय डिसेंट.

ही अक्षरं सर जेम्स मॅकेन्झीने दिलेली. तो इंग्लंडमधल्या बर्नली गावात जनरल प्रॅक्टिस करायचा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मानेची शीर आणि धमनी एकत्र नोंदवणारं पॉलिग्राफ यंत्र वापरून तो वर्षानुवर्षं त्याच पेशंट्सच्या नोंदी घेत राहिला. सीचा अर्थ त्याने कॅरोटिड असा धरला होता, कारण शेजारच्या कॅरोटिडचा धक्का शिरेत उमटतो असं त्याला वाटलं. नाव राहिलं, कारण मात्र पुढे व्हॉल्व्हच्या फुगण्याचं जास्त मानलं गेलं.

पुस्तकातल्या चित्रात वेव्हज म्हणजे वर जाणारे डोंगर ठळक काढलेले असतात आणि आपण पेशंटच्या मानेवर डोंगर शोधत बसतो. मानेवर डोंगर हळू चढतात, दिसत नाहीत नीट. उतार झटकन होतात, ते दिसतात. म्हणून माझं सांगणं एवढंच की मानेवर दोन उतार शोधा, एक्स आणि वाय, आणि त्यातला कोणता मोठा, कोणता गायब ते ठरवा. एवढं केलं तरी निम्म्याहून जास्त काम होतं. नॉर्मल माणसात एक्स मोठा असतो आणि वाय लहान, पुष्कळदा दिसतही नाही.

बघायचं कसं

पेशंटला ४५ अंशात टेकवून झोपवा, डोक्याखाली एकच उशी, मान सैल, हनुवटी किंचित डावीकडे. किंचितच, जास्त वळवली की स्टर्नोमॅस्टॉइड ताणला जातो आणि खालची हालचाल गायब होते. तुम्ही उजव्या बाजूला उभे राहा. टॉर्च समोरून मारू नका, कडेने तिरका मारा, म्हणजे कातडीच्या हालचालीची सावली पडते. मोबाइलचा टॉर्चही चालतो. मग घाई न करता निदान अर्धा मिनिट नुसतं बघा, पेशंटला नेहमीसारखा श्वास घेऊ दे.

पहिला प्रश्न असतो की ही शीर आहे का कॅरोटिड. कॅरोटिडला ठोक्यामागे एक उसळी असते, बाहेरच्या दिशेने, आणि बोटाला लागते. शिरेला ठोक्यामागे साधारण दोन हालचाली, नजर आत जाणाऱ्या हालचालीवर जाते, बोटाला सहसा लागत नाही. क्लॅव्हिकलच्या जरा वर हलकं दाबलं की शिरेचं स्पंदन थांबतं, कॅरोटिडचं थांबत नाही. शिवाय पेशंटला उठवलं की शिरेची पातळी खाली येते, श्वास आत घेतला की खाली येते, कॅरोटिडला या कशाचा फरक पडत नाही.

मग उंची. स्पंदनाचं सगळ्यात वरचं टोक ठरवा, तिथून आडवी पट्टी किंवा एक्स-रेचं पाकीट जमिनीला समांतर धरा आणि स्टर्नल अँगलवर, म्हणजे छातीच्या हाडावर दुसरी बरगडी जुळते तिथल्या उंचवट्यावर, उभी पट्टी ठेवून अंतर मोजा. ३ ते ४ सेंटिमीटरच्या वर गेलं की जेव्हीपी वाढलेला. त्यात ५ मिळवून पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये एट्रियमचं प्रेशर काढतात. हे ५ मिळवणं सोयीचं आहे पण फार काटेकोर नाही, उठून बसलेल्या किंवा टेकलेल्या माणसात एट्रियम त्या हाडापासून ५ पेक्षा जास्त खोल असतं, त्यामुळे आकडा बहुतेक वेळा खरा असतो त्यापेक्षा कमीच निघतो. जास्त आला तर विश्वास ठेवा, नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका.

माझी चूक इथे झाली होती. ४५ अंशात टोकच दिसलं नाही म्हणून मी नॉर्मल लिहिलं. टोक दिसलं नाही तर दोन शक्यता असतात आणि दोन्ही तपासायच्या. पेशंटला सपाट झोपवा, पातळी खाली असेल तर आता भरलेली शीर मानेत दिसेल. आणि ९० अंशात बसवा, फार वर असेल तर टोक आता जबड्याखाली उतरेल. सरळ बसलेल्या माणसात क्लॅव्हिकलच्या वर शिरेचं स्पंदन दिसलं तर तो जेव्हीपी वाढलेलाच समजायचा, पट्टी लागत नाही. आमच्या पेशंटमध्ये बसल्यावर टोक स्टर्नल अँगलच्या १२ सेंटिमीटर वर होतं. ५ मिळवून १७, त्याला १.३६ ने भागलं की पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये साधारण १२ ते १३. पुढे कॅथ लॅबमध्ये प्रत्यक्ष १८ निघालं, म्हणजे वर सांगितलं तसंच, आपण कमी मोजलं होतं.

आता टायमिंग, म्हणजे कोणता उतार एक्स आणि कोणता वाय. डाव्या कॅरोटिडवर हलकं बोट ठेवा आणि डोळे उजव्या मानेवर. बोटाला ठोका लागतो त्याच वेळी जी कातडी आत जाते तो एक्स. ठोका संपल्यानंतर जी आत जाते तो वाय. स्टेथोस्कोप लावला तर आणखी सोपं, एक्स दुसऱ्या साउंडच्या आधी संपतो, वाय दुसऱ्या साउंडच्या नंतर सुरू होतो. आणि बोटाला ठोका लागतानाच मान आत जायच्या ऐवजी बाहेर फुगत असेल तर तिथे थांबा, ते नॉर्मल नाही, त्याबद्दल खाली सांगतो. हार्ट रेट १०० च्या बराच वर असेल तर दोन उतार एकमेकांत मिसळतात, तेव्हा ओढूनताणून अर्थ काढू नका, उंची लिहा आणि रेट कमी झाल्यावर पुन्हा बघा.

शेवटी दोन छोट्या गोष्टी. पेशंटला सावकाश श्वास आत घ्यायला सांगा आणि पातळी वर जाते का खाली ते बघा. आणि पोटाच्या मधोमध तळहाताने १० ते १५ सेकंद एकसारखा दाब द्या, तोंड उघडं ठेवून श्वास घेत राहायला सांगा, कारण दुखलं की लोक श्वास रोखतात आणि मग पातळी उगाच वाढते. दाब असेपर्यंत ३ ते ४ सेंटिमीटर वाढ टिकून राहिली तर उजवं व्हेंट्रिकल आलेलं जास्तीचं रक्त सामावून घेऊ शकत नाहीये. एक-दोन ठोके वाढून खाली आली तर ते नॉर्मल.

आमच्या पेशंटची मान

बोट कॅरोटिडवर ठेवून बघितलं तर ठोक्याबरोबर एक उतार होता, म्हणजे एक्स शाबूत. पण ठोक्यानंतरचा उतार त्याहून खोल आणि कुऱ्हाडीच्या घावासारखा सरळ खाली, आणि खाली गेल्या गेल्या लगेच पुन्हा वर उसळून थांबणारा. खोल वाय, याला फ्रीडरिश साइन म्हणतात. श्वास आत घ्यायला सांगितला तर पातळी उतरायच्या ऐवजी चढली, ती कुस्माउल साइन. स्टेथोस्कोप लावल्यावर दुसऱ्या साउंडनंतर लगेच एक टणक जास्तीचा आवाज, पेरिकार्डियल नॉक, आणि तो नेमका वाय तळाला पोचतो तेव्हा. सर म्हणाले, "याचं लिव्हर नाही बिघडलं, याचं हृदय कवचात अडकलंय."

म्हणजे कॉन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस. हे का होतं ते समजून घ्या, मग पाठ करावं लागत नाही. आपल्याकडे कॉन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसचं मोठं कारण टीबी. हृदयाभोवतीचं आवरण सुजतं, बरं होताना जाड आणि कडक होतं, कधी त्यात कॅल्शियम बसतं. मग हृदय एका ठराविक मापापलीकडे फुगूच शकत नाही. डायस्टोलच्या सुरुवातीला व्हेंट्रिकल नुकतंच रिकामं झालेलं, लहान असतं, आवरणाला अजून टेकलेलं नसतं, आणि मागे एट्रियममध्ये प्रेशर भरपूर, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडताच रक्त धो धो आत जातं. तो खोल वाय. पण क्षणात व्हेंट्रिकल आवरणाला जाऊन भिडतं, भरणं गपकन थांबतं, तोच नॉक, आणि पुढचा सगळा डायस्टोल प्रेशर वरच सपाट राहतं. श्वास आत घेताना छातीतलं प्रेशर कमी होतं पण त्या कडक आवरणातून ते हृदयापर्यंत पोचत नाही, वरून डायफ्रॅम पोटावर दाब देऊन रक्त वर पाठवतो, ते घ्यायला हृदयात जागा नाही, म्हणून मानेत चढतं.

आणि पोटच जास्त का फुगलं? लिव्हरच्या शिरांवर सतत प्रेशर राहिल्याने पाणी पोटात आधी आणि जास्त साचतं, पाय मागून सुजतात. फाइलमध्ये पुरावा आधीपासून पडून होता. पोटातल्या पाण्याचं प्रोटीन ३.४ ग्रॅम आणि रक्तातल्या व त्या पाण्यातल्या अल्ब्युमिनमधला फरक १.१ च्या वर. साध्या सिरोसिसमध्ये फरक तसाच असतो पण प्रोटीन बहुधा २.५ च्या खाली. दोन्ही वर असले की आधी हृदयाकडे बघायचं. छातीचा कडेने काढलेला एक्स-रे बघितला तर हृदयाभोवती पांढरी कड स्पष्ट होती, समोरून काढलेल्यात ती सुटली होती.

तीच शीर, दुसरे आजार

कॉन्स्ट्रिक्शनचा सख्खा शेजारी म्हणजे टॅम्पोनाड, आवरणात पाणी साचून हृदय दाबलं जातं. इथेही जेव्हीपी खूप वाढलेला, बीपी पडलेलं, घाबरलेला पेशंट, पण मानेवर वाय डिसेंट नाहीसा होतो आणि फक्त एक्स उरतो. कारण इथे दाब सगळा वेळ आहे, डायस्टोलच्या सुरुवातीलासुद्धा व्हेंट्रिकलला मोकळीक नाही. आवरणाच्या पिशवीत जागा मोकळी होते ती फक्त हृदय रक्त बाहेर फेकतं तेव्हा, म्हणजे सिस्टोलमध्ये, म्हणून एट्रियम तेव्हाच भरतं आणि एक्स टिकतो. कुस्माउल साइनही शुद्ध टॅम्पोनाडमध्ये नसते. हा फरक परीक्षेपुरता नाही, टॅम्पोनाडमध्ये लगेच सुई घालून पाणी काढायचं असतं, कॉन्स्ट्रिक्शनमध्ये बहुधा काढायला पाणीच नसतं.

आता ती ठोक्याबरोबर बाहेर फुगणारी मान. ट्रायकस्पिड गळत असेल तर व्हेंट्रिकल आवळतं तेव्हा रक्त मागे एट्रियममध्ये आणि तिथून मानेत फेकलं जातं, एक्सचा उतार बुजून जातो आणि त्याच्या जागी मोठी सीव्ही वेव्ह येते, पाठोपाठ झपकन वाय. कधी कानाची पाळी ठोक्याला हलते. लोक हमखास हिला कॅरोटिड समजतात, आणि फार जोरदार असली तर ही बोटालाही लागू शकते, म्हणून तिथे बोटापेक्षा उठवून-झोपवून पातळी बदलते का ते बघणं खात्रीचं. जोडीला लिव्हरवर हात ठेवा, तेही ठोक्याला फुगतं. आपल्याकडे र्‍हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिसच्या जुन्या पेशंटमध्ये हे फार दिसतं, फुप्फुसात प्रेशर वाढतं, उजवं व्हेंट्रिकल ताणलं जातं आणि ट्रायकस्पिडची कडी रुंदावून गळायला लागते. मात्र सीव्ही वेव्ह छोटी असली म्हणून गळती छोटी असं धरू नका, एट्रियम फार मोठं आणि ढिलं झालं की ते पुष्कळ रक्त स्वतःत सामावून घेतं आणि मानेवर कमी दाखवतं.

त्याच पेशंटमध्ये बऱ्याचदा एट्रियल फिब्रिलेशन असतं. एट्रियम आकुंचनच पावत नाही, मग ए वेव्ह गायब. मॅकेन्झीला पॉलिग्राफवर नेमकं हेच दिसलं होतं, नाडी अनियमित झाली त्या दिवसापासून ए वेव्ह नाही, ईसीजी हाताशी नसताना.

ए वेव्ह मोठी असेल तर आधी बघा की ती दर ठोक्याला येते का अधूनमधून. दर ठोक्याला, पहिल्या साउंडच्या आधी, उंच आणि टोकदार असेल तर एट्रियमला पुढे ढकलायला जोर लावावा लागतोय, कारण उजवं व्हेंट्रिकल जाड आणि कडक झालंय, पल्मनरी हायपरटेन्शन किंवा पल्मनरी स्टेनोसिसमुळे, नाहीतर ट्रायकस्पिडच अरुंद आहे. ट्रायकस्पिड अरुंद असेल तर वाय डिसेंट रेंगाळत उतरतो, पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये तसा नाही. आणि अधूनमधून, मध्येच एखादी उसळी मानेत तोफेसारखी येत असेल, नाडी ३५ ते ४० च्या घरात आणि संथ, तर ती कॅनन ए वेव्ह, कंप्लीट हार्ट ब्लॉक. एट्रियम आणि व्हेंट्रिकल आपापल्या तालात चाललेले, कधीतरी एट्रियम बंद ट्रायकस्पिडवर आवळलं जातं आणि सगळं रक्त वर उडतं. नाडी जलद असताना अशाच अनियमित कॅनन वेव्ह दिसल्या तर व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाचा विचार करून ताबडतोब ईसीजी.

आणि एक सापळा. मान फुगलेली, शिरा ताठ, पण कसलंच स्पंदन नाही, श्वासाने नाही, ठोक्याने नाही, चेहराही सुजलेला. तो उजव्या हृदयाचा आजार नाही, सुपीरियर व्हेना कावा वरच बंद झालाय, लेव्हल पाइप मध्येच चिमटलीय. छातीचा सीटी करा.

लिहायचं काय

फाइलवर "जेव्हीपी रेज्ड" एवढं लिहून पुढच्या माणसाला काही कळत नाही. आमच्या पेशंटचं सरांनी मला असं लिहायला लावलं : "९० अंशात बसवून, स्टर्नल अँगलच्या वर १२ सेंमी. एक्स आहे, वाय खोल आणि झपकन. श्वास आत घेताना पातळी वाढते. पोट दाबल्यावर वाढ टिकते." चार ओळी. इको करणाऱ्याला फोन करून "कॉन्स्ट्रिक्शन बघा" असं सांगितलं म्हणून त्याने श्वासाबरोबर व्हॉल्व्हमधल्या प्रवाहाचा फरक मुद्दाम मोजला आणि दोन व्हेंट्रिकलमधला पडदा श्वासागणिक इकडून तिकडे उडी मारताना दाखवला. नुसतं "असायटिस, इको करा" पाठवलं असतं तर पंपिंग नॉर्मल आहे एवढाच रिपोर्ट आला असता, कारण कॉन्स्ट्रिक्शनमध्ये पंपिंग खरंच नॉर्मल दिसतं.

टीबीची औषधं सुरू झाली आणि सर्जननी आवरण सोलून काढलं. तीन महिन्यांनी तो ओपीडीत आला, आई बरोबर होतीच. ४५ अंशात टेकवलं, टॉर्च कडेने धरला. टोक स्टर्नल अँगलच्या ३ सेंटिमीटर वर, ठोक्याबरोबरचा उतार मोठा, नंतरचा जेमतेम दिसेल इतका, आणि श्वास आत घेतल्यावर पातळी सरळ क्लॅव्हिकलच्या मागे उतरली.